कोड मागे घेता येतो, डेटा नाही

घरपोच औषधं देणारं एक ॲप आहे, असं समजू. पुण्या-मुंबईत त्याचे ग्राहक आहेत, दिवसरात्र ऑर्डरी येत असतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी कंपनी ॲपमागच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवते. वर्षभरापूर्वी नोकरीला लागलेल्या एका मुलाकडे यंदाच्या रिलीजची जबाबदारी आली. रिलीज ‘ब्लू-ग्रीन’ पद्धतीने करायचं ठरलं होतं. त्याने वाचून, विचारून जे समजलं ते पानभर लिहून काढलं, टीम लीडला पाठवलं आणि खाली विचारलं, ‘‘मॅडम, माझी समज बरोबर आहे ना? काही सुटत असेल तर सांगा.’’

मॅडमचं उत्तर आलं : ‘‘तुझी समज बरोबर आहे. दोन संच, मधला स्विच, आधी तपासणी, मग वळवणी, बिघडलं तर परत जुन्यावर, हे सगळं तू नीट मांडलं आहेस. एकच गोष्ट सुटली आहे. डेटाबेसमधला बदल तू ‘हिरव्यावर’ करायचा म्हणून लिहिलं आहेस. डेटाबेस हिरवा नाही आणि निळाही नाही. तो दोघांचा आहे.’’

सॉफ्टवेअरच्या धंद्यात पहिल्या दोन-तीन वर्षांत बहुतेकांची गाडी इथेच अडते. त्यातलं नेमकं काय अडतं आणि मॅडमनी पुढे काय सुचवलं, ते पाहण्याआधी त्या मुलाचं जे बरोबर होतं ते समजून घेऊ.

त्याचं बरोबर काय होतं

पूर्वी नवी आवृत्ती चढवायची म्हणजे रात्री उशिरा सेवा बंद ठेवायची, सर्व्हरवरचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवायचं, पुन्हा सुरू करायचं आणि सकाळपर्यंत सगळं नीट चालावं अशी आशा करायची. काही चुकलं तर जुनं पुन्हा बसवण्यात आणखी तासभर जायचा. ब्लू-ग्रीन पद्धत हा तासभर वाचवते. त्यासाठी सर्व्हरचे दोन सारखे संच ठेवतात. एकाला निळा म्हणायचं, दुसऱ्याला हिरवा. निळ्यावर आजची आवृत्ती चालू असते आणि ग्राहकांची सगळी मागणी त्याच्याकडे जाते. हिरवा तेवढ्यात रिकामा असतो. नवी आवृत्ती हिरव्यावर चढवायची, कंपनीतल्या लोकांनी ती आतल्या आत तपासायची आणि मनासारखं झालं की लोड बॅलन्सरला सांगायचं, ‘आता सगळ्यांना हिरव्याकडे पाठव.’ लोड बॅलन्सर म्हणजे ग्राहकाची विनंती कोणत्या सर्व्हरकडे जावी हे ठरवणारी व्यवस्था. ही वळवणी काही सेकंदांत होते आणि ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

खरी गंमत त्यानंतरची आहे. निळा लगेच मोडायचा नाही. तो जुन्या आवृत्तीसह तसाच तयार ठेवायचा. हिरव्यावर काही गडबड दिसली, तर लोड बॅलन्सर पुन्हा निळ्याकडे वळवायचा. काही काढायचं नाही, काही बसवायचं नाही. सगळं ठीक असेल तर पुढच्या रिलीजच्या वेळी निळा रिकामा आणि हिरवा चालू, असं रंगांचं काम आलटून पालटून चालतं.

जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांच्या ‘कंटिन्युअस डिलिव्हरी’ या २०१० सालच्या पुस्तकातून ही पद्धत सर्वदूर पोचली. त्याच वर्षी मार्टिन फाउलर यांनी या पद्धतीवर एक छोटं टिपण लिहिलं. डेटाबेसची रचना बदलायची असेल तेव्हा हे तंत्र अवघड जातं, म्हणून रचनेतला बदल आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती यांना वेगवेगळं काढावं, असं त्यांनी त्यातच सांगून ठेवलं होतं. पण दोन रंगांची आकृती इतकी सुटसुटीत आहे की पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या लक्षात ती राहते आणि हा इशारा नजरेतून निसटतो.

सुटलेली जागा

या रिलीजमध्ये काय बदलायचं होतं? ऑर्डरींच्या टेबलात ग्राहकाचा पत्ता `address` नावाच्या एकाच कॉलममध्ये साठवला जात होता. ‘फ्लॅट ७, अमुक सोसायटी, कोथरूड, पुणे ४११०३८’ असा सगळा मजकूर एकत्र. आता जवळच्या दुकानातून औषध पाठवायचं, म्हणून पिनकोड वेगळा हवा होता. म्हणजे `address` जाऊन त्याच्या जागी `address_line` आणि `pincode` असे दोन कॉलम यायला हवे होते. मुलाने डेटाबेससाठी लिहिलेली स्क्रिप्ट अशी होती :

```sql
ALTER TABLE orders RENAME COLUMN address TO address_line;
ALTER TABLE orders ADD COLUMN pincode char(6);
```

त्यानंतर जुन्या पत्त्यांमधला पिनकोड काढून नव्या कॉलममध्ये भरायचा, आणि हे सगळं वळवणीच्या आधी, हिरव्याची तयारी म्हणून करायचं, असा त्याचा बेत होता. ‘हिरव्यावर अजून ग्राहक नाहीत, त्यामुळे धोका नाही,’ असं त्याने शेजारी लिहिलं होतं.

पोस्टग्रेससारख्या डेटाबेसवर यातली पहिली ओळ एका क्षणात पूर्ण होते. पण त्याच क्षणापासून निळ्यावर चालू असलेलं सॉफ्टवेअर `address` मागत राहतं आणि त्याला उत्तर मिळतं :

```
ERROR:  column "address" does not exist
```

हिरवा अजून तपासला जातोय, लोड बॅलन्सरला कोणी हातही लावलेला नाही आणि निळ्यावर औषध मागवणाऱ्या प्रत्येक ग्राहकासमोर ‘काहीतरी चुकलं’ अशी पाटी झळकते. जी पद्धत सेवा बंद पडू नये म्हणून वापरली, तिनेच सेवा बंद पाडली.

एखाद्या बँकेत दोन खिडक्या असाव्यात, एकीवरचा कारकून जुन्या पद्धतीने लिहिणारा, दुसरीवरचा नव्या, आणि दोघांच्या मध्ये खातेवही मात्र एकच. वहीचे रकाने बदलले की ते दोघांसाठीही बदलतात. कोणत्या खिडकीसमोर रांग आहे, याच्याशी वहीला देणंघेणं नसतं.

मुलाने हे वाचल्यावर साहजिक प्रश्न केला : ‘‘मग स्क्रिप्ट वळवणीच्या क्षणीच चालवली तर?’’ याने निळ्यावरच्या चुका टळतील, निदान फार थोड्या होतील. पण परतीचा रस्ता उरत नाही. हिरव्यावर वीस मिनिटांनी दोष सापडला आणि लोड बॅलन्सर निळ्याकडे वळवला, तर निळ्याला `address` सापडत नाही. कॉलमचं नाव उलट बदलून पाहिलं, तरी या वीस मिनिटांत आलेल्या ऑर्डरींचा पिनकोड त्या मजकुरात नाही, तो वेगळ्या रकान्यात आहे. निळा त्या ऑर्डरींचे अर्धे पत्ते छापणार. मॅडमनी लिहिलं होतं, ‘‘स्विच मागे फिरतो. पण मधल्या वेळात लोकांनी जे लिहिलं, ते स्विचबरोबर मागे फिरत नाही.’’

दोन डेटाबेस ठेवले तर?

त्याचा पुढचा प्रश्न हुशारीचा होता. सर्व्हर दोन संचांत आहेत, मग डेटाबेसही दोन का नकोत? निळ्याचा वेगळा, हिरव्याचा वेगळा.

निव्वळ वाचण्यापुरत्या सेवेत हे चालतंही. पण जिथे ग्राहक सतत काही लिहीत असतात, ऑर्डर, पैसे, तक्रार, तिथे दोन प्रती वेगळ्या झाल्या की त्या पुन्हा जुळवणं हे रिलीजपेक्षा मोठं काम होऊन बसतं. रात्री दहाला हिरव्याकडे वळलात, साडेदहाला परत निळ्याकडे आलात, तर या अर्ध्या तासातल्या ऑर्डरी फक्त हिरव्याच्या डेटाबेसमध्ये आहेत. ग्राहकाने पैसे भरलेत आणि कंपनीच्या लेखी ऑर्डरच नाही.

तयार सुविधांनाही ही मर्यादा सुटत नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडवर २०२२ पासून ‘आरडीएस ब्लू/ग्रीन’ नावाची सोय आहे. तीत चालू डेटाबेसची एक हिरवी प्रत तयार होते आणि निळ्यातला प्रत्येक बदल तिच्यात येत राहतो. डेटाबेसची आवृत्ती चढवायला ती फार उपयोगी आहे. पण बदल वाहतात ते निळ्याकडून हिरव्याकडे. वळवणी झाल्यावर हिरव्यात पडलेलं नवं काही आपोआप जुन्या निळ्यात परत येत नाही. शिवाय प्रतीत बदल येत राहायचे, तर तिची रचना मूळ रचनेशी जुळती हवी. टेबलाच्या शेवटी रिकामा कॉलम जोडणं चालतं. कॉलमचं नावच बदललं, तर ही साखळी तुटू शकते.

म्हणून रोजच्या रिलीजसाठी डेटाबेस एकच ठेवायचा आणि त्याची रचना दोन्ही आवृत्त्यांना झेपेल अशी ठेवायची. मॅडमनी नियम एका ओळीत दिला : कोणत्याही क्षणी डेटाबेस आजच्या आवृत्तीला आणि तिच्या लगेच मागच्या आवृत्तीला, दोघींना चालला पाहिजे.

एक बदल, अनेक पायऱ्या

हा नियम पाळायचा तर नाव बदलणं, कॉलम काढून टाकणं असे तोडणारे बदल एका फटक्यात करता येत नाहीत. आधी नवं जोडायचं, मग हळूहळू सगळ्यांना त्यावर आणायचं आणि अगदी शेवटी जुनं काढायचं. या क्रमाला ‘एक्स्पांड-कॉन्ट्रॅक्ट’ किंवा ‘पॅरलल चेंज’ म्हणतात. प्रमोद सडालगे आणि स्कॉट ॲम्बलर यांच्या ‘रिफॅक्टरिंग डेटाबेसेस’ या २००६ सालच्या पुस्तकात जुनी आणि नवी रचना काही काळ शेजारीशेजारी ठेवण्याची पद्धत तपशिलाने मांडली आहे. औषधांच्या ॲपला ती अशी लागू होते.

पहिल्यांदा फक्त डेटाबेसला हात लावायचा. नवे दोन कॉलम जोडायचे, दोन्ही रिकामे राहू शकतील असे. `address` आहे तसाच.

```sql
SET lock_timeout = '3s';
ALTER TABLE orders ADD COLUMN address_line text;
ALTER TABLE orders ADD COLUMN pincode char(6);
```

चालू आवृत्तीला या कॉलमांची गंधवार्ता नाही आणि त्यांनी तिचं काही अडत नाही. पहिली ओळ मात्र वगळायची नाही. कॉलम जोडणं क्षणाचं काम असलं, तरी त्या क्षणापुरतं डेटाबेसला संपूर्ण टेबल कुलूपबंद करावं लागतं. त्याच वेळी कोणी महिन्याचा मोठा अहवाल काढत बसलं असेल, तर आपली आज्ञा त्याच्या मागे रांगेत उभी राहते आणि आपल्या मागे सगळे ग्राहक. तीन सेकंदांत कुलूप मिळालं नाही तर आज्ञा सोडून दे, असं ही ओळ सांगते. मग थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा.

त्यानंतर दुसरी आवृत्ती ब्लू-ग्रीनने चढवायची. ही आवृत्ती लिहिते दोन्हीकडे, जुन्या `address` मध्ये पूर्ण पत्ता आणि नव्या कॉलमांत त्याचे तुकडे. वाचते मात्र अजून जुन्यातूनच. काही बिघडलं तर पहिल्या आवृत्तीवर परत जा. तिला हवा तो `address` प्रत्येक ऑर्डरीत भरलेला आहे.

ही आवृत्ती स्थिरावली की जुन्या ऑर्डरींचे नवे रकाने भरायचे. यावर पुढे बोलू, कारण वेळ इथेच जातो.

मग तिसरी आवृत्ती. ती वाचते नव्या कॉलमांतून, पण लिहिते अजून दोन्हीकडे. जवळचं दुकान शोधण्याची नवी सोय ग्राहकाला इथे पहिल्यांदा दिसते. ती नीट चालली नाही तर दुसऱ्या आवृत्तीवर परत येता येतं, कारण जुना कॉलमही अद्ययावत आहे.

चौथ्या आवृत्तीत `address` मध्ये लिहिणं थांबतं. इथे एक छोटा सापळा आहे. तो कॉलम रिकामा चालणार नाही अशी अट टेबलावर असेल, तर चौथी आवृत्ती चढताच एकही ऑर्डर नोंदली जाणार नाही. ती अट आधीच काढून ठेवावी लागते.

सगळ्यात शेवटी `address` काढून टाकायचा, आणि तोही चौथी आवृत्ती निळ्या-हिरव्या दोन्ही संचांवर आल्यानंतर. तिसरी आवृत्ती एखाद्या संचावर परतीसाठी राखून ठेवलेली असेल तोवर कॉलम काढला, तर ती परतीची वाट बंद होते. ती अजून त्या कॉलममध्ये लिहू पाहते. या शेवटच्या पायरीनंतर मात्र खरंच मागे फिरता येत नाही, म्हणून ती करायला आठवडा-दोन आठवडे थांबलं तरी काही बिघडत नाही.

‘पुणे ३८’ आणि मोबाइल नंबर

जुन्या ऑर्डरी भरण्याचं काम कागदावर एका ओळीचं दिसतं : पत्त्यातले सहा आकडे शोधा आणि `pincode` मध्ये टाका. प्रत्यक्ष पत्ते उघडून पाहिले की लोक कसे लिहितात ते कळतं. कोणी ‘४११ ०३८’ असं मध्ये जागा सोडून लिहितं. कोणी अजूनही ‘पुणे ३८’ किंवा ‘मुंबई २८’ एवढंच लिहितं, कारण १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला तरी मोठ्या शहरांतले जुने विभाग-क्रमांक लोकांच्या हातात बसलेले आहेत. कोणी पत्त्यातच ‘फोन करा’ म्हणून दहा आकडी मोबाइल नंबर टाकतं, आणि स्क्रिप्ट त्यातलेच पहिले सहा आकडे पिनकोड म्हणून उचलते. म्हणून सहा आकड्यांच्या मागेपुढे आणखी आकडा नसावा, पहिला आकडा शून्य नसावा, मध्ये एक जागा चालावी, अशा अटी स्क्रिप्टमध्ये घालाव्या लागतात. ज्या पत्त्यात पिनकोड सापडत नाही तिथे तो रिकामाच ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. पुढच्या ऑर्डरीच्या वेळी ग्राहकाला विचारता येतो. `pincode` रिकामा नसावा ही अट म्हणूनच पहिल्या दिवशी लावता येत नाही.

हे भरणंही एका दमात करायचं नसतं. लाखो ओळींवर एकच मोठी आज्ञा चालवली, तर ती पूर्ण होईपर्यंत त्या ओळी अडकून राहतात आणि ग्राहकांचे बदल रांगेत थांबतात. एका वेळी काही हजार ओळी, मग क्षणभर विश्रांती, असं पुढे सरकायचं.

मुलाने इथे क्रम उलटा केला होता. आधी जुन्या ऑर्डरी भरू, मग दुसरी आवृत्ती चढवू, म्हणजे सगळं तयार असेल, असं त्याने नव्या बेतात लिहिलं. मॅडमनी विचारलं, ‘‘तू भरून संपवलंस आणि दुसरी आवृत्ती चढली, या मधल्या वेळात आलेल्या ऑर्डरींचं काय?’’ त्या पहिल्या आवृत्तीने लिहिल्या, म्हणजे त्यांचे नवे रकाने रिकामे. म्हणून आधी दोन्हीकडे लिहिणारी आवृत्ती, मग भरणं.

याच्याही पुढची एक अडचण आहे, आणि अनुभवी माणसंही तिला फसतात. समजा, दुसरी आवृत्ती चालू आहे, जुन्या ऑर्डरीही भरून झाल्या आणि मग दुसऱ्याच कुठल्या दोषामुळे तासभर पहिल्या आवृत्तीवर परत जावं लागलं. त्या तासात आलेल्या नव्या ऑर्डरींचे रकाने रिकामे असतील आणि रिकामे शोधून ते पुन्हा भरता येतील. पण त्याच तासात एका ग्राहकाने आधीच्या ऑर्डरीचा पत्ता कोथरूडचा बदलून औंधचा केला. पहिल्या आवृत्तीने `address` बदलला, नव्या कॉलमांना हात लावला नाही, कारण ते तिला माहीतच नाहीत. आता एका रकान्यात औंध आणि दुसऱ्यात कोथरूड. काही रिकामं नाही, कुठे चुकीचा संदेश नाही. तिसरी आवृत्ती चढली की औषध कोथरूडला जाईल.

हे शोधायचं कसं? परतीची वेळ टिपून ठेवायची आणि त्या वेळेनंतर ज्या ज्या ओळींना हात लागला, त्या सगळ्यांचे नवे रकाने जुन्यावरून पुन्हा भरायचे, मग ते रिकामे असोत वा भरलेले. त्यासाठी टेबलात ‘शेवटचा बदल कधी’ हे सांगणारा `updated_at` सारखा कॉलम हवा. तो नसेल तर सगळं टेबल ताडून पाहावं लागतं. काही टीम डेटाबेसमध्येच ट्रिगर बसवतात. मग जुना कॉलम बदलला की नवा आपोआप बदलतो आणि कोणती आवृत्ती लिहिते आहे याने फरक पडत नाही. ट्रिगर हा जास्तीचा भार आहे आणि नंतर आठवणीने काढावा लागतो, पण पत्त्यासारख्या ठिकाणी तो परवडतो.

नाव तेच, अर्थ वेगळा

कॉलमचं नाव बदललं तर निदान आरडाओरडा होतो. त्याहून वाईट बदल म्हणजे नाव तेच ठेवून अर्थ बदलणं. समजा, `amount` कॉलममध्ये आजवर रक्कम रुपयांत होती आणि नव्या आवृत्तीने ती पैशांत लिहायला सुरुवात केली. २५० रुपयांच्या ऑर्डरीसमोर २५००० पडलं. परत निळ्यावर आलात, तर जुनी आवृत्ती ते पंचवीस हजार रुपये समजून बिल काढेल. डेटाबेसला त्यात काहीच वावगं वाटणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडेच. अशा वेळी `amount_paise` असा वेगळ्या नावाचा नवा कॉलम घ्यायचा आणि वरच्याच पायऱ्या चढायच्या. असलेल्या कॉलमचा अर्थ कधीही बदलायचा नाही.

तपासायचं कसं, आणि किंमत किती

आपण नियम पाळला की नाही, हे वळवणीच्या आधी कळण्याची एक खात्रीची रीत आहे. चाचणीच्या डेटाबेसवर नवी स्क्रिप्ट चालवायची आणि मग त्यावर जुन्या आवृत्तीच्या चाचण्या चालवायच्या. नव्या आवृत्तीच्या चाचण्या सगळेच चालवतात. जुनी आवृत्ती नव्या रचनेवर चालते का, हे फार थोडे पाहतात. त्या मुलाची मूळ स्क्रिप्ट या चाचणीत पहिल्याच मिनिटाला पडली असती. दुसरी चाचणी परतीची : नव्या आवृत्तीने काही ऑर्डरी लिहायच्या, मग जुनी सुरू करून त्याच ऑर्डरी तिला वाचता येतात का ते बघायचं. आणि प्रत्यक्ष रिलीजच्या वेळी, डेटाबेसची स्क्रिप्ट चालल्यावर नजर ठेवायची ती निळ्यावर. ग्राहक अजून तिथेच आहेत. हिरवा हिरवागार दिसला म्हणून खुश व्हायचं कारण नाही.

या सगळ्याची किंमत आहेच. जे काम एका रिलीजमध्ये उरकेल असं मुलाला वाटलं होतं, ते तीन रिलीज आणि मधल्या दोन-चार डेटाबेस स्क्रिप्टांमध्ये पसरलं. काही आठवडे एकच पत्ता दोन ठिकाणी साठवला जाणार आणि त्या दोन्ही जागा सांभाळणारा कोड लिहून नंतर तो काढून टाकावा लागणार. तो काढायचा राहून गेला की वर्षभराने कोणाला आठवत नाही की यातला खरा पत्ता कोणता. म्हणून शेवटची, जुनं काढण्याची पायरी पहिल्याच दिवशी कामाच्या यादीत तारखेसह नोंदवायची, असं मॅडमनी बजावलं.

प्रत्येक वेळी एवढा खटाटोप लागत नाही. फक्त नवा, रिकामा चालणारा कॉलम किंवा नवं टेबल जोडायचं असेल, तर बहुतेक वेळा एका पायरीत भागतं, कारण जुन्या आवृत्तीचं त्याने काही बिघडत नाही. एखाद्या कार्यालयाची आतली व्यवस्था रविवारी दोन तास बंद ठेवता येत असेल, तर सरळ बंद ठेवून बदल करणं स्वस्त पडतं. पण तेव्हा आपल्याकडे परतीची वाट नाही, हे मान्य करून आणि बॅकअप हाताशी ठेवून. बॅकअपवरून परतलं तरी बॅकअप घेतल्यानंतर लोकांनी लिहिलेलं जातंच, हेही तेव्हाच सगळ्यांना सांगून ठेवावं.

‘‘बाकी सगळं तू लिहिलंस तसंच कर,’’ असा मॅडमच्या उत्तराचा शेवट होता. ‘‘फक्त डेटाबेसची स्क्रिप्ट या रिलीजमधून बाहेर काढ आणि आधी वेगळी चालव.’’ तुमच्या टीममध्ये पुढच्या वेळी रिलीजचा बेत समोर येईल, तेव्हा रंगांविषयी विचारण्याआधी एकच प्रश्न विचारा : नव्या आवृत्तीने तासभर लिहिलेला डेटा जुन्या आवृत्तीला वाचता येईल का? उत्तर ‘नाही’ किंवा ‘बघावं लागेल’ असं असेल, तर त्या रिलीजला परतीची वाट नाही, मग संच दोन असोत की दहा.